फोटोच्या कडेला

भाऊकाका बोटीवर होते. गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावात एवढं सांगितलं की पुरतं. कुठली बोट, कुठलं बंदर असं पुढे कुणी विचारत नाही, कारण बहुतेक घरांतून कुणी ना कुणी बोटीवर गेलेलं असतं. काका इंजिनात ऑइलर होते. १९७९ साली लागले आणि २००६ साली कायमचे घरी आले. दोन वर्षांपूर्वी ते गेले. वर्षश्राद्धाला गेले तेव्हा काकीने माळ्यावरून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढून माझ्या हातात दिला. आत त्रेचाळीस फोटो होते आणि निगेटिव्हच्या पट्ट्या कागदात गुंडाळून ठेवलेल्या होत्या.

"नातवंडं विचारतात, आजोबा कुठे कुठे गेलेले. मी काय सांगू? तू बघ गो बाय, तुला यातलं कळतं."

एकाही फोटोमागे अक्षर लिहिलेलं नव्हतं. काकांना बंदरं पाठ होती, त्यामुळे लिहायची गरज त्यांना कधी वाटली नसावी. सोबत त्यांची नळी होती. जुने खलाशी सीडीसीला, म्हणजे बोटीवरच्या नोकरीच्या पुस्तिकेला, नळी म्हणतात. तिच्यात बोटीचं नाव असतं, बोटीवर कधी चढलात आणि कधी उतरलात हे असतं. मधल्या आठ-नऊ महिन्यांत बोट कुठे कुठे लागली ते त्यात नसतं. म्हणजे नळीवरून साल कळणार होतं, जागा मात्र फोटोतूनच शोधायची होती.

काकांचे फोटो म्हणजे एकाच साच्याचे. मधोमध काका आणि एखादा सोबती, दोघेही कॅमेऱ्याकडे ताठ बघताहेत, मागे बंदरावरचा कुठलासा रस्ता. नावाजलेली इमारत, पुतळा, चौक असं काही नाही, कारण खलाशाला बंदरात मिळतात चार-सहा तास आणि तेवढ्यात तो गेटबाहेरच्या पहिल्या बाजारापर्यंत पोचतो. इमारती बघत बसले तर काही हाती लागेना. विटांची घरं निम्म्या युरोपात आहेत. मग मी काकांच्या मागे, फोटोच्या कडेला काय उभं आहे ते पाहायला लागले. कुठे फोनचा बूथ होता, कुठे थंडपेयांचं यंत्र, कुठे टपरी. या वस्तू बोलक्या असतात आणि त्याला एक साधं कारण आहे. घर कुणीही कसंही बांधतो, पण फोनचा बूथ कुठल्या तरी एका खात्याचा किंवा कंपनीचा असतो, आणि त्या खात्याची हद्द ठरलेली असते. सगळे बूथ एकाच साच्यातले, एकाच रंगाचे. हद्द संपली की रंग बदलतो. म्हणून 'हा देश कुठला' असं विचारण्याआधी मी 'ही वस्तू कुणाची' असं विचारू लागले.

पहिला उलगडा झाला तो गळ्यात मफलर गुंडाळलेल्या काकांच्या फोटोचा. नळीवरून १९८६ च्या आसपासचा. मागे विटांची बैठी घरं आणि शेजारी फोनचा बूथ. आकार चटकन ओळखू आला. वर घुमटासारखं छप्पर, त्याखाली 'टेलिफोन' लिहिलेली पांढुरकी पट्टी, दाराला काचांच्या आठ ओळी आणि प्रत्येक ओळीत मधली काच रुंद, कडेच्या दोन अरुंद. हा ब्रिटनचा के-६. जाइल्स गिल्बर्ट स्कॉट या वास्तुकाराने राजे पंचम जॉर्ज यांच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त त्याचा आराखडा केला आणि १९३६ पासून तो देशभर बसत गेला. सुमारे साठ हजार बसले. त्याच्या आधीचा के-२ हाही स्कॉट यांचाच, पण तो अधिक उंच, आणि त्याच्या काचा सगळ्या सारख्या, सहा ओळींत. फोटो धूसर असला आणि अक्षरं वाचता येत नसली तरी काचा मोजता येतात, एवढ्यावर दोघांतला फरक कळतो.

पण हा बूथ लाल नव्हता. सायीच्या रंगाचा होता. चुलतभाऊ म्हणाला, रंग उडालाय, चाळीस वर्षांचा फोटो आहे. मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण रंगीत फोटो जुना होताना त्यातले रंग सारखे उडत नाहीत. डब्यात, अंधारात राहिलेल्या त्या काळच्या फोटोतला निळसर रंग सहसा आधी मरतो आणि सगळा फोटो तांबूस होत जातो. लाल वस्तू उलट शेवटपर्यंत टिकते. शिवाय काकांच्या सोबत्याच्या अंगातला स्वेटर अजून लालभडक होता. म्हणजे फोटोतला लाल शाबूत होता आणि बूथ मुळातच सायीच्या रंगाचा होता.

मग भिंग घेतलं. के-६ च्या छपराखाली चारी बाजूंना राजमुकुट उठावात असतो. तो मुकुटसुद्धा वाचता येतो. १९५३ च्या आधीचा असेल तर त्याच्या कमानी गोल चढलेल्या दिसतात, एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकानंतरचा असेल तर मधे किंचित दबलेल्या, आणि १९५५ पासून स्कॉटलंडमध्ये स्कॉटलंडचा वेगळा मुकुट बसवू लागले. आमच्या फोटोत त्या जागी काहीच नव्हतं, नुसता सपाट पत्रा होता.

सायीचा रंग आणि मुकुट नाही, असा के-६ एकाच ठिकाणी असतो. हल. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं बंदर.

याच्यामागची गोष्ट मला फार आवडते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या काही नगरपालिकांना आपापली टेलिफोन सेवा चालवायची परवानगी मिळाली. हलला ती १९०२ साली मिळाली आणि १९०४ साली तिथलं पहिलं एक्स्चेंज सुरू झालं. १९१२ मध्ये सरकारच्या पोस्टखात्याने देशातली खासगी टेलिफोन कंपनी ताब्यात घेतली. बाकीच्या नगरपालिकांनी हळूहळू अंग काढून घेतलं. हल मात्र हटलं नाही. गावातली त्या कंपनीची यंत्रणा १९१४ साली नगरपालिकेने विकत घेतली आणि स्वतःचं टेलिफोन खातं पुढे चालू ठेवलं. पोस्टखातं राजसत्तेचं, म्हणून त्याच्या बूथवर मुकुट आणि त्याचा लाल रंग. हलचे बूथ नगरपालिकेचे, त्यांच्यावर राजाचा मुकुट कशाला? साचा तोच घेतला, मुकुट काढला आणि रंग आपला दिला. हे फक्त हल आणि त्याला लागून असलेल्या बेव्हर्ली, कॉटिंगहॅम, हेसल अशा गावांपुरतं. अख्ख्या ब्रिटनमधून एका रंगाने आणि एका नसलेल्या मुकुटाने आपण काही मैलांच्या टापूत येऊन थांबतो.

इथे एक सावधगिरी लागते. निसर्गरम्य खेड्यांत लाल रंग डोळ्यांना खुपतो म्हणून काही के-६ राखाडी रंगवले होते आणि त्यांच्या काचांच्या पट्ट्या तेवढ्या लाल ठेवल्या होत्या. उन्हात घेतलेल्या फोटोत राखाडी आणि साय यांची गल्लत होऊ शकते. तेव्हा निवाडा मुकुटावर करायचा. मुकुट असेल तर बूथ पोस्टखात्याचा, रंग काहीही असो.

हलने मला जरा चढवलं असणार, कारण पुढचाच फोटो मी चुकवला. लाल के-६, वर मुकुट, मागे डाव्या बाजूने चालणाऱ्या गाड्या. मी पाकिटावर 'ब्रिटन' लिहिलं आणि बाजूला ठेवलं. काकी तांदूळ निवडत बसली होती. तिने फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"आणि ह्या बंद बाल्कन्या? अशा लाकडाच्या पेट्या लावल्यासारख्या? ह्या तुझ्या त्या हलच्या फोटोत कुठे आहेत?"

खरंच होतं. पिवळसर चुनखडीच्या भिंती आणि त्यांच्यावर रंगवलेल्या, काचा लावलेल्या लाकडी बंद सज्ज्यांची रांग. हे माल्टा. माल्टा १९६४ साली ब्रिटिशांपासून स्वतंत्र झालं, पण लाल बूथ आणि डावीकडून गाडी चालवण्याची पद्धत तिथेच राहिली. जिब्राल्टरलाही लाल बूथ आहेत, पण तिथे गाड्या उजवीकडून चालतात, त्यामुळे तो प्रश्न आपोआप मिटला. बूथ कुणाचा हे मी बरोबर ओळखलं होतं. तो ज्याने बसवला तो केव्हाच निघून गेला आहे, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. साम्राज्य गेल्यावरही त्याच्या वस्तू जागेवर उभ्या राहतात. त्यात आता दुसरी भर पडली आहे. ब्रिटिश टेलिकॉमने २००८ पासून गावांना जुने बूथ एका पौंडात द्यायला सुरुवात केली, पुष्कळ विकले गेले, आणि जगभरच्या हॉटेलांच्या दारात शोभेचे लाल बूथ उभे राहिले. अस्सल के-६ बिडाचा असतो, त्याचं दार सागवानी, वजन पाऊण टनाच्या आत-बाहेर. फोटोत वजन दिसत नाही, पण जमिनीशी असलेलं नातं दिसतं. खरा बूथ फरशीत रुतून बसलेला असतो, त्याच्या पायाशी डांबर चढलेलं असतं. शोभेचा बूथ फरशीवर नुसता ठेवलेला दिसतो.

त्या दिवसापासून मी नियम केला की एका वस्तूच्या साक्षीवर नाव लिहायचं नाही. दुसरी साक्ष लागतेच. आणि गाड्या कुठल्या बाजूने चालतात ही साक्ष घेण्याआधी फोटो उलटा छापला नाही ना, हे बघायचं. निगेटिव्ह पालथी ठेवून छापली की डावं-उजवं अदलाबदल होतं आणि अख्खा देश बदलतो. काकांच्या डब्यात असा एक फोटो निघाला. त्यात पाटीवरची अक्षरं आरशातल्यासारखी होती म्हणून लक्षात आलं.

दोन साक्षींचा नियम ब्राझीलच्या फोटोला फार कामाला आला. खांबाला दोन मोठी अंडी अर्धी कापून टांगावीत तसे दोन टोप, एक नारंगी आणि एक निळा, आणि निळ्याच्या आत डोकं घालून काका. पोर्तुगीजमध्ये याला 'ओरेल्याँव' म्हणतात, म्हणजे मोठा कान. चू मिंग सिल्वेइरा ही शांघायमध्ये जन्मलेली ब्राझीलची वास्तुकार. तिने १९७१ साली तिथल्या टेलिफोन कंपनीसाठी हा फायबरग्लासचा टोप केला आणि १९७२ च्या जानेवारीत तो रस्त्यावर आला. दार नाही, काच नाही, त्यामुळे उकडत नाही आणि फोडायलाही काही नाही. अंड्याच्या आकारामुळे बाहेरचा कलकलाट आत कमी येतो. नारंगी टोप गावातल्या गावात बोलायला, निळा दूरच्या गावाला लावायला.

टोप दिसला म्हणजे ब्राझील, असं म्हणावंसं वाटतं. पण या टोपाची नक्कल इतर देशांतही झाली, अंगोला आणि मोझांबिकमध्येसुद्धा. तिथेही भाषा पोर्तुगीजच, त्यामुळे पाट्या वाचून भागत नाही. मोझांबिक गाड्यांवरून बाद झालं. तिथे डावीकडून चालवतात आणि आमच्या फोटोत गाड्या उजवीकडे होत्या. उरलेला गुंता टोपावरच्या छोट्या नावाने सोडवला. निगेटिव्ह स्कॅन केल्यावर त्यावर 'तेलेस्प' एवढं वाचता आलं. तेलेस्प म्हणजे साओ पावलो राज्याची टेलिफोन कंपनी. त्या काळी ब्राझीलमध्ये राज्याराज्याच्या वेगळ्या सरकारी कंपन्या होत्या. १९९८ च्या जुलैत त्या विकल्या गेल्या आणि नवी नावं आली. म्हणजे फोटो त्याच्या आधीचा आणि जागा साओ पावलो राज्यातली. त्या राज्यात मालवाहू बोट लागते ते मोठं बंदर सांतोस. देशापासून सुरुवात केली होती, कंपनीच्या नावाने बंदराच्या दारापर्यंत आणून सोडलं.

(स्कॅनिंगबद्दल एक सांगायला हवं. छापील फोटो कितीही मोठा करून स्कॅन केला तरी एका मर्यादेपुढे नुसता कागदाचा पोत दिसतो. बारीक अक्षरं असतात ती निगेटिव्हमध्ये. माळ्यावर निगेटिव्हच्या पट्ट्या सापडल्या तर त्या टाकू नका.)

एका फोटोत गोल कोपऱ्यांची लाल टपरी होती. तिचा उलगडा पटकन झाला आणि तितक्याच पटकन अडला. स्लोव्हेनियाचा आरेखक साशा मेख्टिग याने १९६६ साली आखलेली ही के-६७ टपरी. तिचे फायबरग्लासचे भाग एकमेकांना जोडून ती हवी तेवढी लांब करता येते. वर्तमानपत्रं, सिगारेटी, सॉसेज, वाहनतळाची पावती, सगळं तिच्यातून विकलं गेलं. पण ती कुणा एका खात्याची नव्हती. ती विकत मिळायची. युगोस्लाव्हियाभर गेली आणि पूर्व युरोपातल्या इतर देशांतही गेली. मालक एक नसला की हद्दही नाही. त्या पाकिटावर मी 'एड्रियाटिक किनारा असावा' एवढंच लिहून ठेवलं आहे.

हे सगळं आपल्याकडेही तसंच आहे, फक्त रोज बघून आपल्याला दिसत नाही. आपल्या रस्त्यावरच्या फोटोत राज्य ओळखायचं तर दुधाचा स्टॉल शोधावा. दूधसंघ राज्याराज्याचे, म्हणून नाव राज्य सांगतं. नंदिनी असेल तर कर्नाटक, आविन तमिळनाडू, मिल्मा केरळ, वेरका पंजाब. मुंबईत आरेचे स्टॉल, पुण्यात कात्रजचे. अमूल दिसलं तर काहीच कळत नाही, कारण ते सगळीकडे पोचलंय. आणि पानटपरी तर के-६७ पेक्षाही मोकळी. ती ज्याची त्याची असते. तिच्यावरून गाव कळतं ते फक्त त्या गावच्या माणसाला.

आता जपानचा फोटो. त्याच्यापाशी मी सगळ्यात जास्त बसले.

दुकानाच्या बाजूला थंडपेयांचं यंत्र, शेजारी काचेचा फोनबूथ, खाली घोट्यापर्यंत बर्फ. काका जाडजूड जॅकेटमध्ये, नाक लाल झालेलं. जपान हे यंत्रावरून लगेच कळतं. रस्त्याच्या कडेला, दुकान बंद असताना, रखवालदाराशिवाय, नाण्यांनी भरलेलं यंत्र बर्फात उभं ठेवायची हिंमत तितक्या प्रमाणात दुसरा कुठला देश करत नाही. २००० साली तिथे तिकिटांची आणि इतर यंत्रं धरून सुमारे ५६ लाख यंत्रं होती. पण जपान म्हटल्याने काम होत नव्हतं. काकी म्हणाली, "जपानला ते किती वेळा गेले ते मीही सांगेन. ही कुठली वेळ?"

जपानी यंत्रावर प्रत्येक पेयाच्या नमुन्याखाली एक पट्टी असते. निळी पट्टी म्हणजे गार, लाल पट्टी म्हणजे गरम. वर अक्षरंसुद्धा लांबवून लिहिलेली असतात, आपण 'गाऽऽर' म्हणतो तशी. एकाच यंत्रातून गार आणि गरम दोन्ही डबे देण्याची सोय सत्तरच्या दशकात आली. उन्हाळ्यात बहुतेक सगळ्या पट्ट्या निळ्या असतात, थंडी आली की खालच्या ओळी लाल होतात. बर्फ नसता तरी नुसत्या पट्ट्यांवरून ऋतू सांगता आला असता.

मग किंमत. डब्यांखाली ११० असं दिसत होतं. पेयाच्या साध्या डब्याला जपानात बरीच वर्षं १०० येन पडायचे. एकच नाणं टाकायचं, म्हणून ती किंमत चिकटून राहिली. १९९२ मध्ये ती ११० झाली, १९९८ मध्ये १२०, २०१४ मध्ये १३०. कंपन्या जवळजवळ एकदमच किंमत वाढवत, त्यामुळे यंत्रावरची किंमत म्हणजे फोटोची तारीखच असते, ११० असेल तर सहा वर्षांच्या फटीत बसवलेली. पर्यटनस्थळी किंवा डोंगरमाथ्यावर भाव चढा असतो, तिथे ही पद्धत फसते, पण बंदराजवळच्या दुकानाला ती लागू होते. नळी उघडली. १९९२ ते १९९८ या काळात काका जपानकडे जाणाऱ्या बोटीवर हिवाळ्यात होते असं एकदाच झालं होतं. १९९४ च्या सप्टेंबरमध्ये चढले, १९९५ च्या मे महिन्यात उतरले.

राहिली जागा. आजचा फोटो असता तर सोपं होतं. २००५ पासून जपानी यंत्रांवर पत्त्याची छोटी पट्टी चिकटवू लागले. अपघात झाला आणि आपण कुठे आहोत हेच सांगता येत नसेल, तर जवळच्या यंत्रावरचा पत्ता वाचून पोलिसांना किंवा रुग्णवाहिकेला कळवायचा. फोटोत ती पट्टी वाचता आली तर गल्लीसुद्धा कळते. १९९५ च्या यंत्रावर ती कुठून येणार? म्हणून मी आतले डबे एकेक करून पाहायला लागले. कॉफी, कॉफी, हिरवा चहा, पुन्हा कॉफी. हे देशभर सारखं. वरच्या ओळीत, निळ्या पट्टीवर, एक नारंगी डबा होता आणि त्यावर काताकाना लिपीत चार अक्षरं, ना-पो-री-न. काताकानात परदेशी शब्द लिहितात, त्यामुळे एखाद्याला इटलीची आठवण व्हावी, आणि नावाचं मूळ खरंच इटलीतल्या नेपल्समध्ये आहे. तिथल्या लाल संत्र्यांवरून ते ठेवलं. पण हे सरबत १९११ पासून निघतं आणि ते होक्काइदोचं आहे, जपानच्या उत्तर टोकाच्या बेटाचं. तिथल्या माणसाला ते लहानपणापासूनचं, तोक्योच्या माणसाला फारसं परिचयाचं नाही. गार पेयाचा एक डबा, भर हिवाळ्यात, आणि त्याने अख्खा देश एका बेटावर आणला. घोट्यापर्यंतचं बर्फ ही दुसरी साक्ष. होक्काइदोत पोलाद कारखान्याचं मुरोरान आहे, तोमाकोमाई आहे, आणि काकांची बोट कोळसा वाहायची. त्या दोहोंतलं कुठलं, ते या फोटोतून निघत नाही. पाकिटावर मी 'होक्काइदो' लिहिलं आणि बंदराची जागा रिकामी ठेवली.

रात्री जेवणं झाल्यावर काकीला स्क्रीनवर फोटो मोठा करून दाखवला. तिने यंत्राकडे पाहिलंच नाही. तिचं लक्ष बाजूच्या बूथकडे गेलं. काचेआड हिरवा फोन होता. जपानी सार्वजनिक फोन हिरवे असतात हे मला ठाऊक होतं, म्हणून मी तिथे थांबले नव्हते. काकीने विचारलं, "ह्या फोनवर पिवळं काय चमकतंय?"

ती पुढच्या बाजूची सोनेरी पट्टी होती. त्या काळी हिरव्या फोनवरून परदेशी बोलता यायचं ते अशी सोनेरी पट्टी असलेल्यावरूनच. साध्या हिरव्या फोनवरून नाही. खलाशी बंदरात उतरले की आधी सोनेरी पट्टीचा फोन शोधायचे, हे मी काकांच्या एका सोबत्याकडून ऐकलं होतं आणि विसरले होते.

काकी थोडा वेळ गप्प बसली. मग सांगायला लागली. १७ जानेवारी १९९५ ला कोबेला भूकंप झाला. संध्याकाळच्या बातम्यांत दाखवलं, पूल आडवा पडलेला, आगी लागलेल्या. काका जपानला आहेत एवढंच घरात माहीत होतं. शेवटचं पत्र तीन आठवड्यांपूर्वीचं. आमच्या घरी फोन नव्हता. बाजारात एसटीडीची पिवळी पाटी लावलेलं एक दुकान होतं आणि त्याचा नंबर आमच्या आळीतल्या सगळ्यांचा पीपी नंबर होता. आजोबा दोन दिवस सकाळ-संध्याकाळ त्या दुकानाच्या बाकावर जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानदाराचा मुलगा सायकलवरून ओरडत आला, काकी, बोटीवरून फोन, दहा मिनिटांनी परत करतायत. काकी ओल्या हातांनी धावत गेली. धाकटा कडेवर होता.

"काय म्हणाले?"

"ऐकू कुठे धड येत होतं. म्हणाले, आम्ही वर आहोत, लांब आहोत, इथे काही हललं नाही. म्हणाले, बर्फात उभा आहे. मी म्हटलं, टोपी घातलीत का?"

मी फोटो पुन्हा पाहिला. काकांच्या डोक्यावर टोपी नव्हती.

हा फोटो त्याच दिवसाचा, असं मी म्हणू शकत नाही. हिवाळा तोच, बेट तेच, फोन तशा फोनपैकी एक. बोट दोन-तीन दिवस बंदरात असेल, महिन्याने परत आलीही असेल. हे मी काकीला सांगितलं. तिने मान डोलावली.

फोटोच्या मागे पेनाने लिहायचं नाही, शाई उतरते, म्हणून प्रत्येक फोटोला कागदी पाकीट केलं होतं. मी या पाकिटावर लिहिलं, 'होक्काइदो, जपान. हिवाळा १९९४-९५.' काकीने ते वाचलं आणि पाकीट माझ्याकडे परत सरकवलं.

"खाली लिही, फोनच्या बाजूला. टोपी न घालता."